मनगट मोडले, एक्स-रेचा रिपोर्ट आला : शेवटची ओळ वाचून पाकीट बंद करू नका

पावसाळ्यात मानपाड्यातल्या ओल्या अंगणात, शेवाळलेल्या पायरीवर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर दुचाकी घसरून माणूस पडतो, तेव्हा तो सवयीने हात पुढे टेकवतो. सगळे वजन तळहातावर येते आणि मनगट सुजते. दवाखान्यात एक्स-रे निघतो. थोड्या वेळाने काळी फिल्म आणि एक-दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट हातात पडतो. घरी आल्यावर शिकलेला मुलगा किंवा सून तो वाचायला घेते, अर्धे शब्द कळत नाहीत, म्हणून थेट शेवटची ओळ वाचली जाते. "फ्रॅक्चर आहे, प्लास्टर घातलंय, झालं." पाकीट कपाटावर जाते.

इथेच चूक होते. मनगटाच्या रिपोर्टमध्ये शेवटची ओळ हाडाला काय झाले त्याचे नाव सांगते. ते हाड किती सरकले आणि पुढे काय करायचे, हे ठरवणारे आकडे मात्र वरच्या मजकुरात असतात. हे आकडे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बदलूही शकतात. ते कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे, ते एका नमुना रिपोर्टवरून पाहू.

रिपोर्टचे दोन भाग

एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये दोन मुख्य भाग असतात. पहिल्याचे शीर्षक 'फाइंडिंग्ज' असते. फिल्ममध्ये डॉक्टरांना जे जे दिसले ते इथे ओळीने लिहिलेले असते : कोणते हाड, कुठे मोडले, किती सरकले, बाकीची हाडे कशी आहेत. काही ठिकाणी 'ऑब्झर्व्हेशन्स' असेही लिहितात.

दुसरा भाग 'इम्प्रेशन'. हा दिसलेल्या गोष्टींवरून काढलेला निष्कर्ष असतो, एक-दोन ओळींचा. सातबारा पाहताना आपण फक्त वरचे नाव पाहत नाही, खालचे क्षेत्र आणि इतर हक्कातल्या नोंदीही वाचतो. तसेच हे आहे. इम्प्रेशन म्हणजे नाव, फाइंडिंग्ज म्हणजे तपशील.

हा रिपोर्ट लिहितात ते रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि सोनोग्राफी वाचणारे डॉक्टर. बहुतेक वेळा त्यांनी पेशंटला पाहिलेले नसते, हात लावून दुखरी जागा तपासलेली नसते. म्हणून रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवलेले असते. त्याचा अर्थ एवढाच : हाडांच्या डॉक्टरांनी हात तपासून या रिपोर्टशी ताडून पाहावे. ही ओळ वाचून घाबरण्यासारखे काही नसते.

वाचायला सुरुवात करण्याआधी

सगळ्यात आधी नाव, वय, तारीख आणि बाजू पाहा. 'राइट' म्हणजे उजवा, 'लेफ्ट' म्हणजे डावा. फिल्मवरही कोपऱ्यात आर किंवा एल हे अक्षर असते. दुखणारा हात उजवा आणि रिपोर्टवर लेफ्ट असेल, तर तिथल्या तिथे खिडकीवर सांगून दुरुस्त करून घ्या. पुढे विम्याच्या किंवा सरकारी योजनेच्या कागदांतही ही चूक त्रास देते.

मग किती बाजूंनी फोटो काढला ते पाहा. मनगटाचे किमान दोन फोटो लागतात. 'एपी' किंवा 'पीए' हा समोरून काढलेला असतो आणि 'लॅटरल' हा कडेने. समोरून सरळ दिसणारे हाड कडेने पाहिल्यावर मागे वाकलेले निघू शकते. त्यामुळे एकाच बाजूचा फोटो असेल तर तो अपुरा आहे, असे डॉक्टरांना जरूर सांगा.

मनगटात कोणती हाडे असतात

कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब हाडे येतात. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. त्यांच्या पुढे तळहाताच्या मुळाशी खड्यांसारखी आठ छोटी हाडे असतात. त्यांना कार्पल बोन्स म्हणतात.

हात टेकून पडल्यावर सगळ्यात जास्त मोडते ते रेडियसचे मनगटाजवळचे टोक. रिपोर्टमध्ये त्याला 'डिस्टल रेडियस' म्हणतात. डिस्टल म्हणजे शरीरापासून लांबचे, बोटांकडचे टोक. ते मोडून हाताच्या मागच्या बाजूला सरकले, तर त्याला 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हणतात. अब्राहम कॉलिस या आयर्लंडच्या सर्जननी १८१४ मध्ये त्याचे वर्णन केले. रॉन्टगेन यांनी एक्स-रे शोधला १८९५ मध्ये, म्हणजे त्यानंतर ८१ वर्षांनी. कॉलिस यांनी ते फक्त हाताने चाचपून आणि मनगटाचा आकार पाहून ओळखले होते. कडेने पाहिल्यास असे मनगट जेवणाच्या उलट्या काट्यासारखे वाकलेले दिसते. हाड तळहाताच्या बाजूला सरकले, तर त्याला 'स्मिथ फ्रॅक्चर' म्हणतात.

एक नमुना रिपोर्ट

समजा, मानपाड्यातल्या ५८ वर्षांच्या एक मावशी अंगणात घसरून उजव्या हातावर पडल्या. त्या धुणी-भांडी आणि घरचा स्वयंपाक करतात, सगळे काम उजव्या हाताने. हे उदाहरण समजण्यासाठी घेतले आहे, पण रिपोर्टची भाषा अशीच असते :

फाइंडिंग्ज : कम्युनिटेड फ्रॅक्चर ऑफ डिस्टल रेडियस विथ डॉर्सल डिस्प्लेसमेंट. डॉर्सल टिल्ट १८ अंश. रेडियल शॉर्टनिंग ४ मिलिमीटर. नो डेफिनिट इंट्रा-आर्टिक्युलर एक्स्टेन्शन. अल्नर स्टायलॉइड फ्रॅक्चर. कार्पल बोन्स नॉर्मल. ऑस्टिओपेनिया. सॉफ्ट टिश्यू स्वेलिंग.

इम्प्रेशन : डिस्प्लेस्ड कॉलिस फ्रॅक्चर विथ अल्नर स्टायलॉइड फ्रॅक्चर.

आता एकेक शब्द पाहू.

'कम्युनिटेड' म्हणजे हाडाचे दोनपेक्षा जास्त तुकडे झालेत. लोक याला चुरा म्हणतात, पण रिपोर्टमधला कम्युनिटेड हा नेहमीच भुगा नसतो. तीन तुकडे असले तरी हाच शब्द वापरतात. त्याचे खरे महत्त्व वेगळे आहे. मागच्या बाजूला हाडाचे बारीक तुकडे झाले असतील, तर तिथे आधार उरत नाही आणि बसवलेले हाड पुन्हा मागे घसरण्याची शक्यता वाढते.

'डॉर्सल डिस्प्लेसमेंट' म्हणजे तुटलेले टोक हाताच्या मागच्या, म्हणजे पंजाच्या पाठीच्या बाजूला सरकले आहे. याउलट रिपोर्टमध्ये 'अनडिस्प्लेस्ड' लिहिले असेल, तर हाड मोडले आहे पण जागेवर आहे. अशा वेळी ते ओढून बसवावे लागत नाही.

'इंट्रा-आर्टिक्युलर एक्स्टेन्शन' म्हणजे मोडीची रेघ सांध्याच्या आत गेली आहे का, ही नोंद. मावशींच्या रिपोर्टमध्ये 'नो डेफिनिट' आहे, म्हणजे या फोटोत तसे ठळक दिसत नाही. रेघ सांध्यात गेली असती, तर 'स्टेप-ऑफ' हा शब्दही शोधावा लागला असता. सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पायरी पडली का आणि ती किती मिलिमीटरची, हे तो सांगतो. दोन मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी डॉक्टर गंभीरपणे घेतात. कारण दोन्ही बाजूंची हाडे त्या पायरीवर घासत राहिली तर सांधा झिजतो. नीट दिसत नसेल तर सीटी स्कॅन सांगितला जातो.

'अल्नर स्टायलॉइड फ्रॅक्चर' म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाचे छोटे टोक तुटले आहे. हे वाचून घरचे म्हणतात, "अरे देवा, दोन-दोन हाडं मोडली." पण रेडियस मोडताना हे टोक सोबत तुटणे नेहमीचे आहे. बहुतेक वेळा त्यासाठी वेगळा उपचार करावा लागत नाही. मुख्य हाड नीट बसले आणि सांधा घट्ट असला, की त्याकडे फक्त लक्ष ठेवतात.

'ऑस्टिओपेनिया' म्हणजे हाड फोटोत नेहमीपेक्षा फिके दिसते, त्यात कॅल्शियम कमी असावे अशी शंका. साध्या एक्स-रेवरून हाडाची ताकद मोजता येत नाही. त्यासाठी डेक्सा नावाची वेगळी तपासणी असते. पाळी गेलेल्या बाईचे मनगट उभ्या उंचीवरून पडून मोडले असेल, तर या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. पुढच्या पडण्यात खुबा किंवा मणका मोडू नये, यासाठी तो इशारा आहे. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांना हाडाच्या ठिसूळपणाबद्दल मुद्दाम विचारा.

'सॉफ्ट टिश्यू स्वेलिंग' म्हणजे मांसाची सूज, आणि 'कार्पल बोन्स नॉर्मल' म्हणजे ती आठ छोटी हाडे ठीक दिसतात.

दोन आकडे, ज्यांवर सगळे ठरते

या रिपोर्टमधले सगळ्यात महत्त्वाचे शब्द म्हणजे टिल्ट आणि शॉर्टनिंग. हे दोन कळले तर अर्धा रिपोर्ट कळला.

टिल्ट म्हणजे उतार. घराच्या छपराला पाणी जाण्यासाठी एका बाजूला उतार असतो, तसा रेडियसच्या सांध्याच्या पृष्ठभागालाही असतो. निरोगी मनगटात तो तळहाताच्या बाजूला असतो, साधारण ११ अंश. त्याला 'व्होलर टिल्ट' किंवा 'पामर टिल्ट' म्हणतात. हाड मागे वाकले की उतार उलटा होतो आणि 'डॉर्सल टिल्ट' म्हणून लिहिला जातो. मावशींचा डॉर्सल टिल्ट १८ अंश आहे. म्हणजे हाड १८ अंशच फिरले असे नाही. आधीचे ११ आणि आताचे १८ मिळून जवळजवळ २९ अंशांचा फरक पडला आहे.

शॉर्टनिंग म्हणजे हाड आखूड होणे. तुटलेले तुकडे एकमेकांत रुतले की रेडियसची लांबी कमी होते. अल्ना मात्र तेवढीच राहते, म्हणून ती तुलनेने लांब होऊन मनगटाच्या छोट्या हाडांना टोचू लागते. पुढे करंगळीच्या बाजूला दुखणे आणि किल्ली फिरवताना, कपडे पिळताना, भांडे पालथे करताना कळ येणे, हे त्यातूनच होते.

हाड बसवल्यानंतर डॉक्टर साधारण कुठपर्यंत चालवून घेतात, याचे ढोबळ माप असे : डॉर्सल टिल्ट १० अंशांच्या आत, शॉर्टनिंग ३ मिलिमीटरच्या आत आणि सांध्यातली पायरी २ मिलिमीटरच्या आत. याच्या बाहेर गेले, तर कामाच्या वयातल्या माणसाला ऑपरेशन सुचवले जाते. मावशींचे १८ अंश आणि ४ मिलिमीटर ही दोन्ही मापे हद्दीबाहेर आहेत. म्हणून हाड तसेच ठेवून प्लास्टर घालणे बरोबर नव्हते. ते आधी बसवावे लागले.

रिपोर्टमध्ये आकडेच नसतील तर? पुष्कळ ठिकाणी फक्त 'माइल्ड' किंवा 'सिग्निफिकंट' असे लिहितात. तेव्हा फिल्म घेऊन हाडांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "टिल्ट किती आहे आणि हाड किती आखूड झालंय?" ते फिल्मवर रेघा मारून एका मिनिटात मोजून सांगू शकतात.

दुसरा आणि तिसरा रिपोर्ट : खरी परीक्षा इथे

मावशींचा हात सुन्न करून हाड ओढून बसवले, प्लास्टर घातले आणि लगेच पुन्हा एक्स-रे काढला. याला 'पोस्ट-रिडक्शन' फोटो म्हणतात. रिडक्शन म्हणजे हाड बसवणे. त्या रिपोर्टमध्ये आले : व्होलर टिल्ट २ अंश, शॉर्टनिंग १ मिलिमीटर. म्हणजे उतार पुन्हा तळहाताकडे आला आणि लांबीही जवळपास परत मिळाली. चांगले बसले.

मावशी घरी आल्या. दुखणे कमी झाले. सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा या, असे सांगितले होते. इथे पुष्कळ घरांत म्हटले जाते, "आता प्लास्टर आहेच, रिक्षाभाडं घालवून कशाला जायचं? दीड महिन्यानं काढायलाच जाऊ." पण मावशींचा मुलगा त्यांना घेऊन गेला. नवव्या दिवशी तिसरा एक्स-रे निघाला.

या वेळी इम्प्रेशनमध्ये एकच ओळ होती : डिस्टल रेडियस फ्रॅक्चर, प्लास्टरमध्ये. वाचून वाटते, सगळे ठीक आहे. पण वर फाइंडिंग्जमध्ये लिहिले होते : डॉर्सल टिल्ट १२ अंश, शॉर्टनिंग ३ मिलिमीटर. आणि शेवटी : जुनी फिल्म तुलनेसाठी उपलब्ध नाही.

आता तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. पहिल्या दिवशी १८ अंश मागे. बसवल्यावर २ अंश पुढे. नवव्या दिवशी पुन्हा १२ अंश मागे. लांबीत ४ मिलिमीटरची घट होती, ती १ वर आली आणि पुन्हा ३ झाली. म्हणजे प्लास्टरच्या आत हाड परत घसरले आहे. वरून प्लास्टर जसेच्या तसे आहे, दुखतही फारसे नाही, इम्प्रेशनमध्येही धोक्याचा शब्द नाही. रेडिओलॉजिस्टनी खोटे काही लिहिले नाही. त्यांच्यासमोर जुनी फिल्मच नव्हती, म्हणून हाड सरकले असे ते लिहू शकले नाहीत. फक्त शेवटची ओळ वाचणाऱ्याला हे कळलेच नसते.

घसरण्याचे कारणही साधे आहे. पहिल्या आठवड्यात सूज असते, तिच्यावर प्लास्टर बसवलेले असते. सूज उतरली की आत जागा होते आणि प्लास्टर सैल पडते. त्यात मागच्या बाजूला हाडाचे बारीक तुकडे झालेले, वय जास्त आणि हाड ठिसूळ. अशा वेळी हाड हळूहळू मूळच्या वाकड्या जागी जाते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढून पाहतात. पैसे लुटण्यासाठी बोलावतात, असा समज चुकीचा आहे.

मग काय करता येते

नवव्या दिवशी कळले, म्हणून मावशींसमोर पर्याय होते. हाड अजून जुळायला सुरुवातच होत असल्याने ते पुन्हा बसवता येते, तारा घालून धरता येते किंवा छोटी पट्टी आणि स्क्रू लावून पक्के करता येते. तेच सहाव्या आठवड्यात प्लास्टर काढताना कळले असते, तर हाड वाकडेच जुळलेले असते. त्याला रिपोर्टमध्ये 'मालयुनियन' म्हणतात. तेव्हा ते सरळ करायचे तर हाड पुन्हा कापावे लागते. ते मोठे ऑपरेशन आहे.

ऑपरेशन करायचेच का, हे फक्त आकड्यांवर ठरत नाही. वय, कोणता हात, रोजचे काम आणि साखर-रक्तदाब हेही पाहिले जाते. साधारण ६५ वर्षांपुढच्या माणसांत थोडे वाकडे जुळलेले मनगटही पुष्कळदा चांगले काम देते. त्या वयात ऑपरेशन करणारे आणि न करणारे, दोघांच्याही हाताचा वापर काही काळाने साधारण सारखाच होतो, असे आढळले आहे. म्हणून ७५ वर्षांच्या आजीचा टिल्ट १२ अंश असेल, तर डॉक्टर "राहू द्या" म्हणू शकतात. मावशी ५८ वर्षांच्या आहेत, उजवा हात आहे आणि पोट त्या हातावर आहे. त्यांच्याबाबतीत हा प्रश्न डॉक्टरांशी बसून ठरवायचा आहे आणि तो त्याच आठवड्यात ठरवायचा आहे.

'नो फ्रॅक्चर' लिहिले आणि तरी दुखते

याच्या उलट गोष्टही होते. रिपोर्टमध्ये 'नो ऑब्व्हियस फ्रॅक्चर' किंवा 'नो डेफिनिट फ्रॅक्चर' येते, घरचे म्हणतात मुरगळले असेल, तेल लावून चोळायला सुरुवात होते. पण त्या ओळीचा अर्थ 'मोडलेले नाही' असा नसून 'या फोटोत मोड ठळक दिसत नाही' असा आहे.

त्या आठ छोट्या हाडांत स्कॅफॉइड नावाचे एक आहे, अंगठ्याच्या मुळाशी. ते तडकले तरी पहिल्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. घरी एक खूण पाहता येते : अंगठा ताठ वर केला की त्याच्या मुळाशी मनगटावर दोन शिरांसारख्या दोऱ्यांमध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर स्कॅफॉइडची शंका धरावी. अशा वेळी मनगट बांधून ठेवतात आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात.

स्कॅफॉइडला रक्तपुरवठा कमी असतो. ते वेळेत बांधले नाही तर न जुळण्याची शक्यता वाढते आणि काही वर्षांनी मनगट झिजून कायमचे दुखू शकते. दुचाकीवरून पडलेल्या तरुण मुलांमध्ये हे विशेष पाहायला हवे.

रिपोर्टमध्ये न येणारे धोके

एक्स-रेमध्ये हाड दिसते. रक्त चालू आहे की नाही, नस दबली आहे की नाही, हे त्यात दिसत नाही. रिपोर्ट चांगला असला, तरी प्लास्टरनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे निळी, पांढरी किंवा गार पडली, बोटांना मुंग्या येऊन ती बधिर झाली, किंवा बोटे हळूच सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा. घट्ट प्लास्टर काही मिनिटांत कापून सैल करता येते. उशीर झाला तर हाताचे मांस मरते.

हाडवैद्याकडे बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधून घेतल्यावरही हेच होऊ शकते. शिवाय पट्टीच्या आत हाड कुठे गेले, हे कोणालाच कळत नाही, कारण बसवल्यानंतरचा फोटोच नसतो.

प्लास्टर असताना बोटे, कोपर आणि खांदा हलवत राहा. पहिले काही दिवस हात छातीच्या वर, उशीवर ठेवा. सूज लवकर उतरते.

शेवटच्या रिपोर्टमधले दोन शब्द

साधारण पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर काढताना पुन्हा फोटो निघतो. तिथे 'कॅलस' हा शब्द असेल. तो चांगला आहे. हाड जुळताना भोवती जे नवे हाड तयार होते, त्याला कॅलस म्हणतात. त्याच रिपोर्टमध्ये 'फ्रॅक्चर लाइन स्टिल व्हिजिबल' असेही असू शकते. मोडीची रेघ अजून दिसते, म्हणजे हाड जुळले नाही असे नाही. फोटोतली रेघ पुसली जायला हाड घट्ट होण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. डॉक्टर दाबून पाहतात, दुखत नसेल आणि कॅलस असेल तर प्लास्टर काढतात.

पुढच्या वेळी जाताना

सगळे एक्स-रे एकाच पाकिटात, तारखेप्रमाणे ठेवा आणि प्रत्येक वेळी सगळे सोबत न्या. फक्त रिपोर्टचा कागद नेऊन चालत नाही. डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कुठेही गेलात तरी तिथल्या डॉक्टरांना आधीची फिल्म दिसली तरच तुलना करता येईल. हाडांच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते, तेही आधी विचारून घ्या.

मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा असेल, तर फिल्म खिडकीच्या काचेला किंवा पांढऱ्या उजेडासमोर धरा. दोन्ही बाजूंचे फोटो, नाव, तारीख आणि आर-एलची खूण पूर्ण दिसेल असे पाहा. सेंटरने सीडी किंवा लिंक दिली असेल तर ती जपून ठेवा. फिल्म हरवली तरी त्यावरून पुन्हा पाहता येते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर चार प्रश्न विचारा. हाड जागेवर आहे की सरकले आहे? टिल्ट आणि शॉर्टनिंग आता किती आहे, आणि मागच्या वेळी किती होते? सांध्यात रेघ किंवा पायरी आहे का? पुढचा एक्स-रे कोणत्या तारखेला? ही तारीख केसपेपरवर लिहून घ्या. मावशींच्या बाबतीत हाड घसरल्याचे वेळेत कळले, ते त्या नवव्या दिवसाच्या फेरीमुळे.